मंगल कार्यालय, केटरर, फोटोग्राफर नेटवर मिळाला. ॲडव्हान्स देण्याआधी काय तपासायचं? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात मंडप-डेकोरेशनचं काम करतो. तुळशीचं लग्न लागलं की आमचे फोन सुरू होतात. अलीकडे स्टेजच्या रेटपेक्षा जास्त वेळा एकच विचारणा येते: "दादा, नेटवर हा हॉल मिळालाय, पैसे टाकू का?" तीच तीच उत्तरं व्हॉट्सॲपवर किती वेळा लिहिली याचा हिशेब नाही, म्हणून ती इथे एकत्र करून ठेवतोय. सगळ्यात मोठी रक्कम हॉलची असते आणि जास्त फसवणूकही मी हॉलच्या बाबतीत पाहिली आहे, त्यामुळे बरीचशी जागा हॉललाच दिली आहे. केटररसाठी प्रश्न ८ आणि फोटोग्राफरसाठी प्रश्न ९ बघा.

१. फोनवर बोलणं झालं, रेट पटला. समोरचा म्हणतो, "याच तारखेला अजून दोन पार्ट्या आहेत, आत्ता दहा हजार टाका, नाहीतर तारीख जाईल." टाकू का?

आत्ता नको. तारखेला मागणी असते हे खरंच आहे. एप्रिल-मेच्या चांगल्या मुहूर्ताला चांगले हॉल सहा-आठ महिने आधी जातात, त्यामुळे घाई करणारा प्रत्येक माणूस लबाड असतो असं नाही. पण इथल्या हॉलच्या ऑफिसात एक रीत आहे. तुम्ही "उद्या बघायला येतो" म्हणालात की रजिस्टरमध्ये त्या तारखेसमोर पेन्सिलीनं नाव लिहून ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतात. म्हणून त्याला सरळ सांगा: "पेन्सिलीनं नाव टाका, उद्या अकरा वाजता ऑफिसात येऊन रोख पावती करतो."

खरा माणूस यावर फार तर कुरकुर करेल, पण "या" म्हणेल. ज्याच्याकडे हॉलच नाही त्याला तुम्ही तिथे आलेले चालत नाही. मग ऑफिस आज बंद असतं, आत रंगकाम चालू असतं, मालक बाहेरगावी असतात. कळंब्यापासून शिरोलीपर्यंत शहराच्या आसपासच्या कुठल्याही हॉलवर टू-व्हीलरनं अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येतं. एवढ्या वेळासाठी दहा हजार पणाला लावू नका.

२. हॉल तर माहितीतला आहे. गुगल मॅपवर नाव, फोटो, शेकडो रिव्ह्यू सगळं खरं दिसतंय. मग त्याच पानावरचा नंबर खोटा कसा असेल?

असू शकतो, आणि लोक सर्वात जास्त इथेच फसतात. मॅपवरच्या कुठल्याही ठिकाणाची माहिती बदलण्याची सूचना कुणीही देऊ शकतं. तिथे "Suggest an edit" असं बटणच असतं. हॉलच्या मालकानं ते पान आपल्या ताब्यात घेतलेलं नसेल, तर कुणी सुचवलेला नवा फोन नंबर तिथे लागू शकतो. फोटो खरे, रिव्ह्यू खरे, पत्ता खरा, फक्त नंबर दुसऱ्याचा. असं एखादं पान कुणी ताब्यात घेतलेलं नसेल तर तिथे बहुधा "Claim this business" असं दिसतं. ते दिसलं तर त्या पानावरच्या नंबरवर विसंबू नका.

मागच्या सीझनला गडहिंग्लजकडच्या एका कुटुंबानं मला स्टेजसाठी फोन केला. मुलीचं लग्न, हॉल कोल्हापुरात, ॲडव्हान्स भरून झालेला. तारीख ऐकून मी वही काढली, तर त्याच हॉलवर त्याच दिवशी दुसऱ्या एका पार्टीचं काम मी घेतलेलं होतं, सकाळचं लग्न आणि आदल्या रात्रीची हळद. मी विचारलं, "पावती कुणी दिली?" पावती नव्हतीच. व्हॉट्सॲपवर हॉलचं बोधचिन्ह असलेलं पत्र आलं होतं, त्यात दर, जेवणाची क्षमता, पार्किंग सगळं बरोबर. पंचवीस हजार क्यूआरवर भरले होते. स्कॅन केल्यावर भलत्याच माणसाचं नाव आलं तेव्हा मुलीच्या भावानं विचारलंही होतं. उत्तर आलं, "ते आमच्या मॅनेजरचं खातं आहे, मालकांचं लिमिट संपलंय."

आम्ही दोघं हॉलवर गेलो. ऑफिसातल्या बाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं. त्या तारखेला माझ्या पार्टीचं नाव, शाईनं, पावती नंबरासह. भावाकडचा नंबर बघून त्या म्हणाल्या, "हा आमचा नाहीच." फाटकावरच्या पाटीवर दुसराच नंबर होता, आणि तो वर्षानुवर्षं तोच होता. पुढे काय केलं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

म्हणून नंबर मॅपवरून घेऊ नका. फाटकावरच्या पाटीवरून घ्या, किंवा तिथे लग्न झालेल्या कुणाकडे पावती असेल तर तिच्यावरचा घ्या. दोन नंबर जुळले नाहीत तर पाटीवरच्या नंबरला फोन करून दुसऱ्याबद्दल विचारा.

३. पैसे पाठवण्याआधी खात्यावर कुणाचं नाव आहे ते कसं बघायचं? आणि ते कुणाचं असायला हवं?

यूपीआयवर क्यूआर स्कॅन केलं किंवा आयडी टाकला की पिन टाकायच्या आधी नाव दिसतं. इथे एक खाच आहे. समोरच्याचा नंबर तुम्ही मोबाईलमध्ये "अमुक हॉल" असा सेव्ह केला असेल, तर काही ॲपमध्ये वर तुम्हीच दिलेलं ते नाव दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. आपल्याला बघायचं आहे ते बँकेत नोंदलेलं नाव. बऱ्याच ॲपमध्ये ते खाली "Banking name" म्हणून येतं. बँकेतून एनईएफटी किंवा आरटीजीएस करणार असाल तर खातं क्रमांक आणि आयएफएससी टाकल्यावर लाभार्थीचं नाव बघण्याची सोय आहे. रिझर्व्ह बँकेनं ती १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करायला बँकांना सांगितलं होतं. पूर्वी तिथे आपण लिहू ते नाव चालायचं, पैसे फक्त नंबरावर जायचे.

आता नाव कुणाचं हवं? तीन ठिकाणची नावं एका माळेत बसली पाहिजेत: हॉलची पाटी, पावतीपुस्तक आणि बँक खातं. तिन्हीकडे अक्षरश: एकच नाव असेल असं नाही. एकट्या मालकाचा धंदा असेल तर पाटीवर हॉलचं नाव आणि खात्यावर मालकाचं नाव असतं, ते चालतं. पण त्या मालकाचा आणि हॉलचा संबंध कुठल्यातरी कागदावर दिसायला हवा. तो कसा बघायचा ते पुढच्या प्रश्नात आहे. मॅनेजर, भाचा, "ऑफिसचा दुसरा नंबर" अशी खाती मी तरी स्वीकारत नाही. मालकाचं लिमिट संपलं असेल तर उद्या भरू. लिमिट दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळतं.

४. त्यांनी जीएसटी नंबर पाठवलाय. म्हणजे खरेच आहेत ना?

नंबर कुणीही कुठूनही उचलून पाठवू शकतो. तो कुणाचा आहे ते बघा. gst.gov.in वर "Search Taxpayer" मध्ये जा, तिथे लॉगिन लागत नाही. पंधरा अक्षरांचा नंबर टाकला की नोंदणीदाराचं कायदेशीर नाव, धंद्याचं नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि स्थिती दिसते. स्थिती "Active" हवी. "Cancelled" किंवा "Suspended" असेल तर त्या नंबरावर तुमच्याकडून कर घ्यायचा त्यांना अधिकार नाही.

नंबराची घडणही थोडं सांगून जाते.

```
27XXXPX0000X1ZX
```

सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा किंवा संस्थेचा पॅन. त्यामुळे नंबराचं सहावं अक्षर हे पॅनचं चौथं अक्षर असतं, आणि त्यावरून कळतं की नोंदणी कुणाची आहे: P म्हणजे एकटी व्यक्ती, F म्हणजे भागीदारी फर्म, C म्हणजे कंपनी, T म्हणजे ट्रस्ट. "आमच्या समाजाच्या ट्रस्टचा हॉल" असं सांगणाऱ्यानं P असलेला नंबर दिला, तर हॉल त्यानं चालवायला घेतलाय का ते विचारा. त्यात गैर काहीच नाही, पण मग प्रश्न ६ लागू होतो.

कायदेशीर नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं, आणि पत्ता हॉलचा किंवा निदान त्यांच्या ऑफिसचा निघाला, तर माळ पूर्ण झाली.

जीएसटी नसणं हा दोष नाही. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, त्यामुळे लहान फोटोग्राफर किंवा आचाऱ्याकडे तो बहुतेक नसतोच. फक्त नोंदणी नसलेल्यानं बिलात जीएसटी लावला तर तो देऊ नका. "उद्यम" प्रमाणपत्र पुष्कळ जण दाखवतात. ते स्वतःच भरलेल्या माहितीवर मिळतं, म्हणून मी त्याला फार वजन देत नाही.

५. हॉल बघायला गेलो तर नेमकं काय बघायचं? सजवलेला हॉल तर सगळाच चांगला दिसतो.

म्हणूनच रिकामा असताना नको, लग्न चालू असताना जा. आधी ऑफिसात सांगून दुपारी जेवणं चालू असताना एक चक्कर मारा. हात धुवायच्या जागी पाणी येतंय का, पंगत उठायला किती वेळ लागतोय, वाहनं रस्त्यावर लागलीत का, हे तेव्हाच कळतं. पण आपला मुद्दा पैशांचा आहे, तर ऑफिसात तीन गोष्टी मागा.

पहिली, बुकिंगचं रजिस्टर. इतरांची नावं वाचायची गरज नाही, आपल्या तारखेचं पान बघायचं. त्यात सकाळ, संध्याकाळ आणि आदल्या रात्रीची हळद असे वेगळे रकाने असतात. पुष्कळ भांडणं या रकान्यांत होतात. एकाला सकाळ दिलेली असते, दुसऱ्याला आदली रात्र, आणि हॉलचा ताबा नक्की किती वाजता मिळणार ते कुठेच लिहिलेलं नसतं. ताब्याची वेळ आणि सोडायची वेळ तुमच्या पावतीवर लिहून घ्या.

दुसरी, पावतीपुस्तक. छापील, अनुक्रमांक असलेलं, कार्बन प्रत राहणारं. कोरी वही किंवा सुट्या कागदावरची पावती असेल तर थांबा.

तिसरी, आगीच्या सुरक्षेचा कागद. हॉलला अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत घ्यावं लागतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. पाचशे माणसं आत असणार आहेत, तेव्हा हे विचारायला अजिबात संकोच करू नका. भिंतीवरच्या लाल सिलिंडरची मुदतही वाचून घ्या.

६. हॉल ट्रस्टचा आहे पण चालवायला कंत्राटदाराला दिलाय. पैसे कुणाला द्यायचे?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि तो सगळ्यात अवघड आहे, कारण इथे कुणीच खोटं बोलत नसतं. कंत्राटदार खरा, हॉल खरा, पावती खरी. पण त्याचा करार मार्चअखेरीस संपणार असतो आणि तुमचं लग्न मेमध्ये असतं. करार वाढला नाही तर नवा माणूस म्हणतो, "जुन्यानं घेतलेल्या पैशांचं मला माहीत नाही." जुन्याचा फोन लागत नाही.

कंत्राटदाराला सरळ विचारा: "तुमचा करार कधीपर्यंत आहे?" मग तेच ट्रस्टच्या कार्यालयात जाऊन विचारा. बहुतेक संस्थांचं कार्यालय त्याच आवारात किंवा जवळच्या पेठेत असतं, आणि सचिव किंवा व्यवस्थापक सांगायला तयार असतात. तारीख कराराच्या मुदतीत बसत असेल तर कंत्राटदाराच्या खात्यावर द्या. बसत नसेल तर ट्रस्टच्या नावानं पावती मागा, किंवा "करार संपल्यास बुकिंग संस्थेवर बंधनकारक राहील" असं संस्थेच्या शिक्क्यानिशी लिहून घ्या. दोन्ही जमत नसेल तर दुसरा हॉल बघा. इथे मी कधीच सवलत देत नाही, कारण अशा वादात कुटुंब ऐन लग्नात दोन्हीकडून लोंबकळतं.

७. आम्ही पुण्यात राहतो, मुलगा परदेशात. लग्नासाठीच कोल्हापूरला येणार. प्रत्यक्ष कसं बघणार?

सगळ्यात चांगलं म्हणजे इथला एखादा पाहुणा पाठवा, लांबच्या नात्यातला चालेल, आणि प्रश्न ५ त्याला वाचून दाखवा. कुणीच नसेल तर लाईव्ह व्हिडिओ कॉल करा. आधी शूट केलेला व्हिडिओ घेऊ नका, तो कुठूनही उचलता येतो. कॉल रस्त्यावरून सुरू करायला सांगा: शेजारचं दुकान, मग फाटकावरची पाटी, मग न थांबता आत चालत स्टेजपर्यंत, आणि शेवटी ऑफिसातल्या रजिस्टरमधलं तुमच्या तारखेचं पान. मधेच "जरा डावीकडे वळा, स्वयंपाकघर दाखवा" असं सांगा. हॉलच्या आवारात उभा असलेला माणूस लगेच वळतो. आणि तरीही पहिली रक्कम छोटी ठेवा (प्रश्न १०).

८. केटररचं पान छान आहे, ताटाचा दरही कमी. त्याला कसं तपासायचं?

आधी तुम्ही कुणाला बोलवताय ते ठरवा. आचारी म्हणजे किराणा, भाजी, गॅस, भांडी तुम्ही आणणार आणि तो आपल्या माणसांसह येऊन रांधणार, मजुरी घेणार. केटरर म्हणजे सगळं त्याचं, तुम्ही ताटाच्या हिशेबानं पैसे द्यायचे. आचाऱ्याच्या बाबतीत ॲडव्हान्स थोडा असतो, धोकाही थोडा. त्याला सुपारी देण्याआधी गेल्या महिन्यातल्या दोन लग्नघरांचे नंबर घ्या, तेवढं पुरतं.

केटररला मात्र अन्न सुरक्षा परवाना लागतो. तो १४ आकडी असतो. foscos.fssai.gov.in वर परवाना क्रमांक टाकून शोधता येतं. नाव, पत्ता आणि मुदत कुठपर्यंत आहे ते बघा. पत्ता सांगली किंवा पुण्याचा निघाला तर तो तिथून येणार आहे की नंबरच दुसऱ्याचा आहे, ते विचारा. मग प्रश्न ३ प्रमाणे खात्याचं नाव जुळवा.

चव बघायला घरी डबा मागवू नका. चार माणसांचा डबा कुणीही चांगला करतो. त्याचं जिथे काम चालू आहे तिथे जा, यजमानांची परवानगी काढून. पाचशे माणसांच्या शेवटच्या पंगतीला भात गरम आहे का, बासुंदी पातळ झाली का, वाढपी किती आहेत, हे तिथेच दिसतं. "सध्या कुठेच काम नाही" असं ऐन सीझनमध्ये सांगणारा केटरर मला पटत नाही.

आणखी एक: काही हॉल आपलाच केटरर घ्यायला लावतात किंवा बाहेरच्यासाठी वेगळी रक्कम घेतात. केटररला पैसे देण्याआधी हॉलला विचारा, नाहीतर एक ॲडव्हान्स हकनाक जाईल.

९. इन्स्टाग्रामवरच्या फोटोग्राफरचे फोटो भारी आहेत. ते त्याचेच आहेत हे कसं कळणार?

निवडक तीस फोटो बघून काहीच कळत नाही. एका लग्नाचे सगळे फोटो मागा, हळदीपासून पाठवणीपर्यंत, चार-पाचशे असतील तेवढे. काम स्वतःचं असेल तर त्याच्याकडे निदान एखादी पूर्ण गॅलरी दाखवण्याजोगी असतेच, त्या कुटुंबाला विचारून तो लिंक पाठवतो. फोटो उचलणाऱ्याकडे तेच तीस असतात.

भारी वाटलेले दोन-तीन फोटो गुगल लेन्समध्ये टाका. दुसऱ्याच शहरातल्या दुसऱ्याच नावाखाली सापडले तर विषय संपला. इन्स्टाग्रामच्या प्रोफाईलवर तीन टिंबांत "About this account" असतं. तिथे खातं कधी उघडलं ते दिसतं, आणि काही खात्यांचं आधी नाव किती वेळा बदललं तेही. दोन महिन्यांपूर्वीचं खातं आणि "दहा वर्षांचा अनुभव" एकत्र बसत नाहीत.

शिवाय कॅमेरा नक्की कोण धरणार ते लिहून घ्या. मोठ्या मुहूर्ताला एकाच नावावर तीन-चार कामं घेतात आणि मुलं पाठवतात. ती फसवणूक नव्हे, पण तुम्ही ज्याच्या हातासाठी पैसे दिले तो तिथे नसतो.

१०. ॲडव्हान्स किती द्यावा? आणि पावतीवर काय हवं?

ठरलेला नियम नाही. मी माझ्या पार्ट्यांना सांगतो, सगळी तपासणी झाल्यावरही पहिली रक्कम एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा, दुसरा हप्ता महिनाभर आधी, उरलेलं लग्नाच्या दिवशी. अर्धी रक्कम आधी मागणारा हॉल खराच असला तरी त्याच्याशी घासाघीस करा.

पावतीवर तारीख, सकाळ की संध्याकाळ, ताब्याची वेळ, एकूण रक्कम, भरलेली रक्कम, अनामत वेगळी, आणि रद्द केल्यास किती परत, एवढं हवंच. अनामत आणि ॲडव्हान्स एकाच आकड्यात लिहू देऊ नका, शेवटी हिशेबात अनामत गायब होते. पावती न देणं ही ग्राहक कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, तेव्हा मागायला लाजू नका. रोख देत असाल तर पावतीशिवाय हात पुढे करू नका, आणि एका कार्यासाठी एका माणसाला दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही हे लक्षात ठेवा.

११. लग्न पुढे ढकललं. हॉलवाला म्हणतो "पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." बरोबर आहे का?

अजिबात नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. परतावा त्याच खात्यावर मागा जिथून भरले होते.

किती परत मिळतील ते पावतीवरच्या अटीवर अवलंबून आहे. अट नसेल आणि तीच तारीख हॉलनं दुसऱ्याला दिली असेल तर त्यांचं फारसं नुकसान झालेलं नाही, हा मुद्दा नेटानं मांडा. त्या दिवशी तिथे कार्य झालं का, हे आम्हा मंडपवाल्यांना किंवा केटररना विचारलं तरी कळतं.

१२. फसलोच तर पहिल्यांदा काय करायचं?

हॉल खोटा, माणूस खोटा असेल तर लगेच १९३० वर फोन करा. घरच्यांशी चर्चा नंतर. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हातात ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदवा, बँकेला कळवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. चॅट डिलीट करू नका.

हॉल खरा, पण एकच तारीख दोघांना दिली किंवा पैसे परत देत नाहीत, असं असेल तर तो सायबर गुन्हा नाही. आधी लेखी मागणी करा, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पुण्याच्या माणसाला त्यासाठी कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

गडहिंग्लजच्या त्या कुटुंबानं हॉलच्या ऑफिसातूनच १९३० ला फोन लावला होता. पैसे भरून तोवर एक रात्र गेली होती. पंचवीसपैकी नऊ हजार त्या खात्यात अडकले, बाकीचे निघून गेलेले. ते नऊ हजारही हातात यायला काही महिने लागले. लग्न शेवटी दोन दिवस पुढच्या मुहूर्तावर त्याच हॉलमध्ये झालं. या वेळी भावानं ऑफिसात बसून, रजिस्टरात शाईनं नाव पडेपर्यंत थांबून पावती घेतली, आणि हॉलच्या बाईंनी मॅपवरचं ते पान आपल्या नावावर करून घेतलं.